मदत हवी आहे: देवदासी प्रथा नक्की कोणत्या साली बंद झाली?

मुग्धा_व
रविवारी आमच्या क्लासच्या मुलींचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम आहे, निवेदन मी लिहितेय. एका वाक्यावर गाडी अडली आहे. कुठे १९२९ दिलंय, कुठे १९३४, कुठे १९४७, एका लेखात तर १९८२. खरं साल कुठलं? पत्रिका उद्या छापायला जाणार, लवकर सांगा.

खडूपाटी
१९३४. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा. मुली देवाला वाहणं बेकायदा ठरलं. हेच लिहा.

सह्यकडा
थांबा, घाई नको. प्रत्येक प्रांताचा कायदा वेगळा. १९८२ चा कर्नाटकचा, महाराष्ट्राचा नवा कायदा त्याच्याही बराच नंतरचा. तुमचं निवेदन कुठल्या देवळाबद्दल आहे?

मुग्धा_व
अरंगेत्रम म्हटलंय ना वर! तंजावर. राजराज चोळाने बृहदीश्वराच्या देवळात ४०० नर्तकी आणल्या, तिथून सुरुवात आहे.

कावेरीकाठ
मग १९३४ चा तुमच्याशी संबंध नाही, तंजावर मद्रास इलाख्यात होतं. तुमच्यासाठी दोन सालं आहेत आणि दोन्ही लागतील.

त्या ४०० जणींचा शिलालेख १०१४ च्या सुमाराचा. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आणली आणि कुठल्या आळीत कितव्या घरात राहते, हे सगळं दगडावर कोरलंय. प्रत्येकीला एक वाटा, म्हणजे घर आणि वर्षाला शंभर कलम भात; कलम हे धान्याचं जुनं माप. ती वारली किंवा गाव सोडून गेली तर वाटा जवळच्या नातलगाला, पण त्याने काम करायचं. काम येत नसेल तर लायक माणूस निवडून द्यायचा. म्हणजे उत्पन्न सेवेला बांधलेलं होतं. पुढे इनाम जमिनींचंही तसंच. सेवा सोडली की जमीन जाण्याची भीती, म्हणून घरातली एक तरी मुलगी देवाला वाहायचीच.

ही गाठ १९२९ मध्ये सुटली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींनी १९२७ मध्ये मद्रास कौन्सिलात ठराव मांडला, त्यातून देवस्थान कायद्यात दुरुस्ती झाली. जमीन बाईकडेच राहणार, सेवेची अट जाणार, बदल्यात सरकारला सारा भरायचा. मुली वाहण्यावर मात्र त्यात बंदी नव्हती. ती १९४७ च्या कायद्याने आली.

खडूपाटी
म्हणजे १९४७ ला नाच बंद झाला. मग त्याआधी नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल कशा नाचल्या?

कावेरीकाठ
रंगमंचावर. कायद्याने देवळाच्या आवारातला आणि देवाच्या मिरवणुकीतला बाईचा नाच बेकायदा ठरवला, सभागृहातला नाही. घराण्यातल्या बायकांचं देवळातलं काम गेलं आणि तीच कला इतरांनी तिकीट लावून केली. मला हा अन्याय वाटतो.

सह्यकडा
अन्याय एकतर्फी नव्हता. मुथुलक्ष्मींची आई त्याच समाजातली, त्यांना आतलं माहीत होतं. वयात न आलेल्या मुलीला देवाच्या नावाने बांधून पुढे एखाद्या श्रीमंताच्या स्वाधीन करायचं, याला कला म्हणून सोडून द्यायचं का?

कावेरीकाठ
मुली वाहणं थांबायलाच हवं होतं. पण त्याच समाजातल्या गायिका बंगळूर नागरत्नम्मांसारख्या बायकांनी तेव्हाच सरकारकडे विरोध नोंदवला होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मांडवी_तीर
गोव्याचाही उल्लेख करा. तिथल्या देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांतूनच केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर आल्या.

मुग्धा_व
त्या गायिका, माझा कार्यक्रम नृत्याचा आहे. चोळांनंतर एकदम इंग्रजांवर आले तर मध्ये खिंडार राहतं. तिथे काय घालू?

कावेरीकाठ
मराठे! १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरची गादी भोसल्यांची. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलु हे चार भाऊ दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम मुली रविवारी करतील, तो त्यांनीच बसवला असं मानतात. सरफोजींना नायक करून रचलेली ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही नृत्यनाटिका तर देवदासी बृहदीश्वराच्या देवळातच नाचत. १८५५ मध्ये संस्थान खालसा झालं आणि राजाश्रय संपला. कायदा येण्याच्या कितीतरी आधी पोटाचा प्रश्न उभा राहिला होता. निवेदनात हे आलंच पाहिजे.

आक्का_गडहिंग्लज
माझी आत्या यल्लम्माला सोडलेली. सौंदत्तीला नेऊन गळ्यात मणी बांधले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता अनुदानाला अर्ज केला तर देवदासी असल्याचा पुरावा आणा म्हणतात. लग्नाचा दाखला असतो, याचा कुठला दाखला असणार? तुमच्यात कुणाला माहिती असेल तर सांगा.

सह्यकडा
आक्का, आधी काय मागतात ते लेखी मागून घ्या. गावातल्या वयस्कर माणसांचे जबाब पंचनाम्यात घेतात का, तेही विचारा. तुमच्या भागातल्या देवदासींसाठी काम करणाऱ्या संघटनेकडे आत्यांना घेऊन जा. वेगळा धागा काढा, इथे बुडून जाईल.

मुग्धा_व
आभार. हे वाक्य चालेल का: “१९२९ मध्ये इनाम जमिनी सेवेच्या अटीतून मोकळ्या झाल्या आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्यावर बंदी आली”?

कावेरीकाठ
चालेल. ‘मद्रास’ शब्द काढू नका.

खडूपाटी
मुंबईचा १९३४ कंसात तरी द्या. ऐकणारे पुण्याचे आहेत.