मदत हवी आहे: सीएनसी लेथ ठेवायचा की बदलायचा? डीपीचं उत्तर पटत नाही

लेथवाला
लेथ 2 वर्षं जुना आहे. पुढची 3 वर्षं कामाचा करार आहे, त्यानंतर मशीन विकणार. आकडे लाखांत: नवा `P` 11. वय 0 ते 4 असताना वर्षाचा चालवण्याचा खर्च `c` 1, 1.4, 2, 3, 4.5. वय 1 ते 5 ला विक्री `s` 7, 5, 3.5, 2.4, 2. डीपीनं, म्हणजे डायनॅमिक प्रोग्रॅमिंगनं, शेवटून मागे मोजत आलो: `f(t,a)` म्हणजे वर्ष `t` च्या सुरुवातीला मशीनचं वय `a` असेल तर तिथून पुढचा कमीत कमी खर्च, आणि शेवटी `f(4,a)=0` धरून. तिन्ही वर्षं ठेवा, खर्च 9.5, असं उत्तर येतंय. पटत नाही.

गणिती_काका
शेवटी मशीन विकणार आणि तिथेच शून्य? तसं केलं की शेवटच्या वर्षी बदलणं नेहमीच महाग दिसतं, कारण नव्या मशीनची उरलेली किंमत हिशेबातून गायब होते.

```
f(4,a) = -s[a]
f(t,a) = min( c[a] + f(t+1,a+1),
              P - s[a] + c[0] + f(t+1,1) )
```

आता तिन्ही वर्षं ठेवलं तर 7.5. यंदा ठेवून पुढच्या वर्षी बदललं तर 2 + (11−3.5+1) + 1.4 − 5 = 6.9. यंदाच बदललं तरी 6.9. ही बरोबरी योगायोग नाही. दोन्हींत मशीन त्याच वयांत चालतं आणि त्याच वयांत विकलं जातं, फक्त क्रम उलटा.

नफातोटा
एवढं कशाला? वर्षाला सरासरी खर्च कुठे कमी येतो ते बघा. नवा घेऊन 3 वर्षं वापरला तर 3.97, चौथ्या वर्षापासून वाढतो. म्हणजे 3 पुरी झाली की बदला.

गणिती_काका
मशीनमागून मशीन कायम घेत राहणार असाल तर बरोबर. इथे 3 वर्षांनी दुकान बंद, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा लागत नाही.

टेम्पो_शेठ
आमच्या टेम्पोची पुस्तकी किंमत घसाऱ्यानं जवळजवळ शून्यावर आलीय. `s` म्हणून तीच टाकू का?

गणिती_काका
नको. `s` म्हणजे आज गिऱ्हाईक रोख काय देईल ते. पुस्तकी आकडा टाकलात तर बदलणं विनाकारण महाग वाटेल.

लेथवाला
बरोबरी कशी सोडवू? कर्ज 10 टक्क्यांनी मिळतं.

गणिती_काका
पुढच्या प्रत्येक `f` ला 1.1 नं भागा. खरेदी आणि चालवणं वर्षाच्या सुरुवातीला, शेवटची विक्री तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला धरलीय. यंदा बदल 7.30, पुढच्या वर्षी बदल 7.13, न बदलता 6.94. म्हणजे तुमचंच उत्तर परत आलं, पण या वेळी रीतसर. तरी त्यावर फार विसंबू नका. वय 4 चा 4.5 हा अंदाज साधारण 22 हजारांनी वाढला की पुढच्या वर्षी बदलणं स्वस्त पडतं.

नफातोटा
स्पिंडलचं बेअरिंग त्याच वर्षी गेलं तर 22 हजार कुठच्या कुठे जातील. शिवाय काम बंद राहील ते वेगळंच.

लेथवाला
ते 4.5 मध्ये धरलेलं नाही. आणि नव्याची किंमत दरवर्षी वाढली तर?

गणिती_काका
मग `P` च्या जागी `P[t]`. जुन्याचा भावही वाढेल का, हे दलालाला विचारा. मला सांगता येणार नाही. यंदा मात्र ठेवा. वरच्या आकड्यांत बेअरिंग धरा वा न धरा, पहिल्या वर्षाचं उत्तर तेच राहतं.