मदत हवी आहे: एंट्रीचं काम गेलं, आधी काय शिकू?

मंडळी, जळगावात डाळमिलचे हिशेब बघतो, वय ४४. खरेदीची बिलं आता सॉफ्टवेअरच टॅलीत चढवतं. पण २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकवर जीएसटी लागतो, मोठ्या पोत्यांवर नाही. त्यामुळे मशिन दुरुस्तीसारख्या सामाईक खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट जीएसटीच्या नियम ४२ प्रमाणे विभागावं लागतं. समजा क्रेडिट १,००,००० रुपये आणि करमुक्त विक्री ६० टक्के, तर ६०,००० परत करायचे. आमचं सॉफ्टवेअर पूर्ण लाख धरतं, ते माणसालाच पकडावं लागतं.

म्हणून आधी अशी जीएसटी तपासणी पक्की करायची, मग क्विंटलमागे डाळीचा उतारा आणि खर्च काढायला शिकायचं, असं ठरवलंय. मालकाला खर्चाचा हिशेब जास्त हवा असतो, मग तोच आधी घ्यावा का? धुळे-जळगावकडे कुणी हे केलंय का?