प्रीलोडने खरंच वेळ वाचतो का?

मध्यरात्र: स्टीमवर १०० जीबीच्या गेमचं प्रीलोड सुरू झालंय. हार्ड डिस्कवर १२० जीबी मोकळे आहेत, लाइन ३०० एमबीपीएसची. आत्ताच उतरवून ठेवू की रिलीजनंतर थेट?

गच्चीवरचा: आत्ताच उतरवा की! १२० मध्ये १०० आरामात बसतात. वेळ झाली की प्ले दाबायचं, बस.

खटपट्या: बसतात, पण उघडत नाहीत. प्रीलोडमध्ये येतात त्या कुलूपबंद फायली. किल्ली स्टीमचा सर्व्हर अनलॉकच्या वेळीच देतो, मग त्या फायली वाचून, उलगडून पुन्हा डिस्कवर लिहिल्या जातात. त्या काळात कुलूपबंद आणि उलगडलेला असा दोन्ही माल जागा खातो. किती, ते गेमच्या फायली कशा बांधल्यात त्यावर ठरतं; मी १०० साठी २०० मोकळे धरतो. डाउनलोडच्या पानावर नेटचा आलेख शून्यावर आणि डिस्कचा वर दिसला, तर हेच काम चाललंय. तेव्हा रद्द करू नका.

आता वेळ बघा. हार्ड डिस्क एकाच वेळी वाचते आणि लिहिते, म्हणून सेकंदाला ५० एमबी धरले तरी ३३ मिनिटं, बारीक फायली असतील तर बरीच जास्त. तुमची लाइन सेकंदाला ३७.५ एमबी देते, म्हणजे थेट उतरवायला साधारण ४५ मिनिटं. एवढ्यासाठी जागेची मारामारी कशाला? थेटच उतरवा.

सह्याद्री४०: हा हिशेब लाइन पूर्ण वेगाने चालली तरच खरा. रिलीजच्या रात्री सगळेच तुटून पडतात. आणि ४० एमबीपीएसवाल्याला हेच १०० जीबी साडेपाच तास घेतात, त्याने प्रीलोड केलंच पाहिजे. जागा नसेल तर स्टीमच्या Settings मधल्या Storage मधून एखादा जुना गेम दुसऱ्या ड्राइव्हवर Move करा. एसएसडी असेल तर प्रीलोड तिथेच घ्या, उलगडणं झटपट होतं.

नवाभिडू: माझ्या पीएस५ वर असलं उलगडणं कधी दिसलंच नाही. आणि पीसीचं घड्याळ न्यूझीलंडवर ठेवलं तर लवकर उघडेल ना?

खटपट्या: इथे प्रश्न स्टीमचा आहे. घड्याळ बदलून काही होत नाही, किल्लीच आलेली नसते. ती युक्ती एक्सबॉक्सवर प्रदेश बदलून चालते, तीही गेम स्थानिक मध्यरात्री सुटणार असेल तरच. पीसीवर बहुधा जगभर एकच क्षण असतो. 'सायबरपंक २०७७' पीसीवर १० डिसेंबर २०२० ला जीएमटी ००:०० ला सुटला, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३०. कन्सोलवर मात्र स्थानिक मध्यरात्री. पॅसिफिक सकाळी १० लिहिलं असेल तर उन्हाळ्यात आपले रात्रीचे १०:३०, हिवाळ्यात ११:३०.

सह्याद्री४०: आणि पहिल्या दिवशीचा पॅच? तो १५-२० जीबींचा निघाला तर १२० मध्ये थेट उतरवणाराही अडकेल.

मध्यरात्र: मग आधी ८० जीबीचा जुना गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवतो. प्रीलोडचं त्यानंतर बघू.