विषय: नारळी पौर्णिमेचं ग्राफिक, ‘हादिर्क’ (फ्लेक्सच्या आधी कोणीतरी सांगा!)

वैनी, मस्कत
मंडळी, गावच्या पेजवर सकाळी टाकलेलं ग्राफिक बघा. होड्या छान, सोन्याचा नारळ छान, आणि मधोमध ठळक अक्षरात ‘हादिर्क शुभेच्छा’. द वरचा रफार क वर जाऊन बसलाय. खाली आपल्या मंडळाचा लोगो आहे म्हणून बोलते नाहीतर गप्प बसले असते. ह्याचाच फ्लेक्स बंदरावर लागणार आहे आणि फाईल आज संध्याकाळी दापोलीला छापायला जाणार असं जाऊबाईंकडून कळलं. अ‍ॅडमिनला कोणीतरी गोडीत सांगा. कॉमेंटमध्ये नको, शिमग्याच्या फोटोखाली काय रामायण झालं ते सगळ्यांना आठवतंय.

सेक्रेटरी, दुबई
पेज गावाचं आहे, आपण फक्त स्पॉन्सर. मंडळाच्या वतीने काही कळवायचं तर ते सेक्रेटरीकडून जातं, असं आपलं मागेच ठरलंय. परस्पर कोणी मेसेज करू नये. सोमवारच्या मिटिंगमध्ये विषय घेतो.

वैनी, मस्कत
सोमवारपर्यंत नारळ समुद्रात जाऊन प्रसाद वाटून झालेला असेल हो.

गुरुजी, गुहागर
ही पिढी शुद्धलेखन शिकलेलीच नाही, मी चाळीस पोरांच्या वर्गात हेच सांगत आलो. ‘इक’ प्रत्यय लागलेले तत्सम शब्द ऱ्हस्वच, सामाजिक, धार्मिक, हार्दिक. साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम छापील आहेत माझ्याकडे, फोटो काढून अ‍ॅडमिनला पाठवतो, एकदाच काय ते शिकेल. तो माझाच विद्यार्थी आहे.

बापू, हर्णै
गुरुजी थांबा, नियम पाठवू नका. नियम बरोबर आहे पण इथे लागू नाही, वेलांटी पहिलीच आहे की. पोराने हा शब्द टाईपच केलेला नाही, पेस्ट केलाय. मी बारा वर्षं डीटीपी केलंय, हा आजार बघताक्षणी ओळखू येतो.

जुन्या फाँटमध्ये आपण दिसतं तसं टाईप करायचो, म्हणजे हा झाला की आधी पहिली वेलांटी, मग द, मग द च्या डोक्यावर रफार, मग क. युनिकोडमध्ये बोलतो तसा क्रम लागतो, आधी र, त्याचा पाय मोडायचा, मग द, मग वेलांटी. कन्व्हर्टरने वेलांटी उचलून द च्या मागे टाकली, ते बरोबर केलं, पण रफार द च्या अलीकडे न्यायचा राहिला. तो तिथेच लटकला आणि पुढचा क आला तसा त्याच्यावर चढला. झालं हादिर्क. त्याच ग्राफिकात ‘सर्व कोळी बांधवांना’ एकदम नीट आहे बघा, कारण तिथे रफार आहे पण मध्ये वेलांटी नाही. रफार आणि पहिली वेलांटी एकाच अक्षरावर आली की मेलं.

आणि आता वरची ओळ वाचा. सगळे ‘हादिर्क’वर तुटून पडलात, वर ‘नारळी पौणिर्मेच्या’ आहे ते कोणीच बघितलं नाही. तोच प्रकार. एक दुरुस्त करून दुसरा फ्लेक्सवर गेला तर जास्त हसं होईल.

मजकूर कुठून गेला असेल ह्याच्यात मी पडत नाही, पण आपल्या मंडळाच्या गेल्या अहवालात ‘वाषिर्क’ आणि ‘आथिर्क’ दोन्ही आहेत, काढून बघा.

सेक्रेटरी, दुबई
अहवाल सभेत मंजूर झालेला आहे. तो विषय ह्या मेलमध्ये नको.

तात्या, मालवण
माका वाटता खरी चूक ‘शुभेच्छा’त आसा. तो श हिंदीवाल्यांचो. शासनान 2009 साली जीआर काढून देठाचो श आणि पाकळीचो ल ठरवल्यानी, तो कोण बघता? आधी ता बदला.

बापू, हर्णै
तात्या, जीआर खरा आहे पण ते अक्षराचं वळण, स्पेलिंग नाही. फाँट बदलला की श बदलतो, काही फाँटमध्ये मराठी वळण आत असतं पण भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाही. आज दोन शब्द सुधारू दे, श पुढच्या सणाला.

ताई, बहारीन
अय्या म्हणजे आमच्या दिराच्या गणपतीच्या कारखान्यावर ‘मूतिर्कार’ लिहिलंय ते हेच का? रंगवलेला बोर्ड नाही, फ्लेक्सच आहे. दोन वर्षं झाली, गिऱ्हाईक कमी झालेलं नाही म्हणा.

बापू, हर्णै
हेच. आता मेसेज लिहिलाय, कोणी पाठवायचा ते ठरवा, मी गावातलाच आहे पण माझं आणि त्याच्या बापाचं जेट्टीवरून चाललंय ते माहितीच आहे.

‘नमस्कार दादा, ग्राफिक झकास झालंय. फक्त दोन शब्दांत रफार पुढच्या अक्षरावर सरकलाय, जुन्या फाँटचा मजकूर कन्व्हर्ट केला की असं होतं. आत्ता आहे: पौणिर्मेच्या, हादिर्क. हवं: पौर्णिमेच्या, हार्दिक. हे दोन्ही इथून कॉपी केलेत तरी चालेल. पोस्टच्या कॅप्शनमध्येही तेच शब्द आहेत. फ्लेक्सची फाईल कर्व्ह करायच्या आधी जमलं तर फार बरं होईल.’

कर्व्हचं मुद्दाम घातलंय. एकदा कर्व्ह केलं की अक्षरांचं चित्र होतं, मग शब्द बदलता येत नाही. आणि कॉपी करून त्याच्याकडे चौकोन किंवा भलतीच अक्षरं आली तर त्याच्या फाईलीत जुना फाँट लावलेला असणार, मुक्ता किंवा बलू लावायला सांगा. र चा पाय मोडलेला सुटा दिसला तर मात्र सॉफ्टवेअरचं सेटिंग, जुनं फोटोशॉप असेल तर `World-Ready Layout` निवडावं लागतं.

गुरुजी, गुहागर
‘दादा’ आणि ‘केलेत’ कशाला? मी त्याला अरे-तुरे करतो.

वैनी, मस्कत
गुरुजी, पेजचा इनबॉक्स तिघं-चौघं वाचतात, ‘तुम्ही’ म्हटलेलंच बरं. मी पाठवला मेसेज, माझ्या नावाने, मंडळाच्या नाही, सेक्रेटरींनी काळजी करू नये.

वैनी, मस्कत
उत्तर आलं! ‘थँक्यू वैनी, मला वाटलं मंडळाकडून आलंय म्हणजे बरोबरच असेल.’ नवीन फाईल जोडली आहे, दोन्ही शब्द बरोबर, श तोच. फेसबुकच्या कॅप्शनमध्ये बदललंय. इन्स्टाग्रामवर कॅप्शन बदलतं पण टाकलेला फोटो बदलता येत नाही, डिलीट करून परत टाकू का विचारतोय, लाईक जातील म्हणून जीव वरखाली.

सेक्रेटरी, दुबई
लोगो असल्यामुळे डिलीट करणे योग्य.

तात्या, मालवण
डिलीट नको, माझी कॉमेंट आसा थंय, पंचवीस जणांनी लाईक केल्यानी.

बापू, हर्णै
इन्स्टाचं नंतर बघा. छापणाऱ्याला सकाळचीच फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली आहे आणि नवीन फाईलचं नावही तेच आहे. नाव बदलून परत पाठवायला सांगितलंय पण दुकानदार फोन उचलत नाही, जेवायला गेला असेल. दापोलीत आत्ता कोणाचं कोण आहे? एसटी स्टँडजवळच दुकान आहे, मशीन चालू व्हायच्या आत प्रूफ बघायचंय, फक्त वरच्या दोन ओळी.