गिझर लावला की दहा-पंधरा मिनिटांत ट्रिप

"कोल्हापुरात बोअरचं पाणी आहे. गिझर लावला की १०-१५ मिनिटांनी १० अँपिअरचा एमसीबी पडतो. गिझर बिघडलाय की लोड जास्त?"

पडायला लागणारा वेळच बरंच सांगतो. लोडमुळे एमसीबी सावकाश तापून पडतो, शॉर्ट असेल तर बटण दाबताक्षणी.

त्या एमसीबीवरचं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर चालवा. २००० वॅटचा गिझर जेमतेम ९ अँपिअर घेतो, त्यामुळे एकटा टिकायला हवा. टिकला आणि इस्त्री लावल्यावर पडला, तर लोड जास्त आहे. गिझरचे ९ आणि इस्त्रीचे ४ मिळून १३ अँपिअर होतात. गिझरला स्वतंत्र लाईन घ्या. वायर न बघता मोठा एमसीबी अजिबात बसवू नका, वायर जळेल.

एकटा असूनही पडला, तर एमसीबीचा सैल स्क्रू तापतोय का, हे इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून तपासून घ्या.

'टी' बटणवाला आरसीसीबी पडत असेल, तर लोडचा प्रश्नच नाही, करंट गळतोय. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार बसतो, ती जास्त तापून चिरते. तेव्हा प्लग काढूनच ठेवा, त्या पाण्याने अंघोळ नको.