कोकणातलं छप्पर मनालीत: तीस अंश पुरतात की नाही?

दाभोळकाठ
भावाने मनालीच्या वर जागा घेतली आहे. तिथला कंत्राटदार 45 अंशांचं छप्पर करा म्हणतोय. आपल्याकडे शंभर-सव्वाशे इंच पाऊस 30 अंशांच्या छपरावरून सुखाने उतरतो. बर्फ म्हणजे गोठलेलं पाणीच ना, तोही उतरेल. वरचे 15 अंश म्हणजे जास्तीचं लाकूड, जास्तीचा पत्रा आणि गिऱ्हाईक कापायचा धंदा. आणि समोर पडवी हवीच, त्याशिवाय घर आपलं वाटत नाही. जाणकारांनी सांगावं.

वासेमोजणी
"गोठलेलं पाणीच ना" वाचून गप्प बसवेना. पाणी एका अंशाच्या उतारावरूनही वाहतं. आपण कौलांना 30 अंश देतो ते पाणी उतरावं म्हणून नाही, तर वाऱ्याने ते कौलांच्या जोडातून उलटं वर चढू नये म्हणून. बर्फ वाहत नाही, तो बसतो. तो हलायला उताराच्या दिशेची ओढ तळाच्या घर्षणापेक्षा आणि चिकटण्यापेक्षा जास्त व्हावी लागते.

आता आकडे. बर्फाच्या भाराचं भारतीय मानक म्हणजे IS 875 चा भाग 4. त्यात जमिनीवरच्या बर्फाच्या भाराला छपराच्या आकाराचा गुणांक लावतात. सपाट छपराला 0.8. दहा अंशांना 0.8. तुमच्या लाडक्या 30 अंशांनाही 0.8. तिथून पुढे तो उतरायला लागतो, 45 ला 0.4 होतो आणि 60 ला शून्य. म्हणजे शून्यापासून तिसापर्यंत चढवलेल्या उताराने बर्फाच्या हिशेबात दमडीही वाचत नाही. सगळी बचत तुम्ही "वाया" म्हणताय त्या वरच्या अंशांत आहे.

जमिनीवरचा भार चौरस मीटरला 300 किलो धरू. खरा आकडा जागेची उंची पाहून तिथल्या इंजिनीअरकडून घ्या, हा फक्त उदाहरणाला. घर आठ बाय दहा मीटर. 30 अंशांना 240 किलोच्या हिशेबाने अख्ख्या छपरावर 19.2 टन. 45 ला 120 किलो, म्हणजे 9.6 टन. आढं 2.3 मीटरवरून 4 मीटरवर जाईल आणि पत्रा साधारण 22 टक्के जास्त लागेल. 22 टक्के पत्र्यात साडेनऊ टन उतरत असतील, तर कापतंय कोण?

गणपतीपुळे_ड्राफ्ट्समन
सोपं कारण कुणी सांगतच नाही. उतार वाढला की पाख्याचं क्षेत्रफळ वाढतं. तेवढाच बर्फ जास्त जागेवर पसरतो, म्हणून भार कमी. यात घर्षण कशाला आणायचं?

वासेमोजणी
अर्धं बरोबर. पाख्याच्या पृष्ठावर मोजलं तर थर पातळ दिसतो, मान्य. पण बर्फ वरून सरळ पडतो. घराने आडवी जागा जितकी झाकली तितकाच त्याच्या वाट्याला येतो, पाखं उभं असो की झोपलेलं. भिंतीवर उतरणारं वजन तेच राहतं. म्हणून गुणांक आडव्या मापावर लावतात. वजन कमी होतं ते फक्त बर्फ खाली गेला म्हणून.

आणि तो धो धो वाहत खाली जात नाही. थंडीत पत्र्याला चिकटलेला थर 45 अंशांवरही दिवसेंदिवस बसून राहतो. ऊन लागलं, किंवा घरातली ऊब वर पोचली, की तळाला पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि अख्खं पाखं एकदम सुटतं. म्हणूनच 45 ला गुणांक 0.4 आहे, शून्य नाही.

मंगळुरीच_बरी
पत्रा, पत्रा, पत्रा! इथेही तेच, तिथेही तेच. कौलारू घरं मोडून पत्रे ठोकताय, मग पावसात घरात बोलणं ऐकू येत नाही आणि एप्रिलमध्ये भाजून निघता. दरवर्षी शाकारणी करायचा कंटाळा, हे खरं कारण. मनालीतही मंगळुरी कौलं घाला की. वजनदार आहेत, जागची हलणार नाहीत.

वासेमोजणी
मंगळुरी कौल रिपेवर नुसतं अडकवलेलं असतं. घसरता बर्फ त्याला ओढून नेईल. शिवाय ते पाणी पितं. रात्री ते पाणी गोठून फुगतं, दिवसा वितळतं, असं दोन-चार हिवाळे झाले की पापुद्रे सुटतात. रिपांसकट कौलांचं वजन चौरस मीटरला 65 किलोच्या आसपास, ते वेगळंच.

देवगड_शेड
कौलवाल्यांनी निसर्ग चक्रीवादळ विसरू नये. 3 जून 2020 ला रायगड-रत्नागिरीत कौलांचा पाऊसच पडला होता. पत्रे नीट आवळले असते तर राहिले असते.

मंगळुरीच_बरी
आणि उडालेले पत्रे कुठे सापडले ते पण सांगा! कौल उडालं तर नवीन बसवता येतं. उडालेला पत्रा माणूस कापतो.

देवगड_शेड
पत्रा उडतो तो पत्र्याच्या दोषाने नाही. 10-12 अंशांच्या पाख्यावर वारा वरून खेचतो, शोषून घेतल्यासारखा. वळचणीला आणि आढ्याला ही ओढ सगळ्यात जास्त, आणि लोक स्क्रू मात्र सगळीकडे सारखेच मारतात, तेही एक नाळ सोडून एक. कडेच्या दोन रिपांवर प्रत्येक नाळेला स्क्रू हवा. रबरी वॉशर चपटा होईल इतकाच आवळायचा. जास्त आवळला की वॉशर फुटतो, गंज तिथूनच सुरू होतो, आणि पुढच्या वादळात पत्रा त्याच भोकातून फाटतो. उतार वाढवला तर ओढ उलट कमी होते, आढं उंच गेल्याने भिंतीवरचा रेटा मात्र वाढतो.

मंगळुरीच_बरी
म्हणजे सुताराचा उतार आमच्या आजोबांनी बरोबर धरला होता. एवढं कबूल करायला निसर्ग लागलं!

देवगड_शेड
उतार बरोबर होता. कौल नाही.

वासेमोजणी
भांडा. पण स्क्रूचा मुद्दा मनालीत उलटा होतो. तिथे पाख्यावर डोकं वर काढलेला प्रत्येक स्क्रू बर्फाला खुंटी ठरतो. थर महिनाभर इंचाइंचाने सरकतो, स्क्रूला ओढत राहतो, भोक लांबट होतं, मग गळतं. म्हणून तिथे जोड उभे वळवलेले आणि क्लिपा आत लपवलेल्या पत्र्याची पद्धत चांगली. मोकळ्या स्क्रूचा पत्रा घातलात तर 45 अंशांतला फायदा अर्धा घालवलात.

कुल्लूवारी
सगळे 45 चा जप करताय म्हणून विचारतो. कुल्लूकडची दगड-लाकडाच्या थरांची जुनी काठकुणी घरं पाहा, पाटीच्या दगडांची छपरं, उतार काही खडा नाही. लडाखात तर छपरं सपाट, मातीची. ती शेकडो वर्षं बर्फाखाली उभी आहेत. मग तुमचं मानक खरं की ती घरं?

वासेमोजणी
दोन्ही. लेहला वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम 100 मिलीमीटर पाणी होतं. कोरडा, हलका बर्फ, फावड्याने ओढून टाकतात. वाशांना लांब लाकूडही तिथे मिळत नाही. कुल्लूची घरं बर्फ टाकत नाहीत, धरून ठेवतात, आणि तेवढं वजन पेलायला देवदाराच्या जाड तुळया जवळजवळ घातलेल्या असतात. आल्प्समधली जुनी लाकडी घरंही कमी उताराची, फळ्यांवर दगड ठेवलेली, बर्फाचा थर मुद्दाम ऊबेला राखणारी. चालणाऱ्या वाटा दोन आहेत: धरून ठेवा आणि पेला, किंवा खडं करून टाकून द्या. दाभोळकाठ यांना 30 अंशांचं छप्पर हवंय आणि वासे कोकणातले. ही तिसरी वाट, ती खाली जमिनीवर संपते.

कुल्लूवारी
ठीक. पण मग "30 चालणार नाही" असं नका म्हणू. "30 ला वासे दुप्पट भाराचे" म्हणा.

वासेमोजणी
म्हणतो. आणि कोकणाशी तुलना केली तर दुप्पट नाही, सहापट. IS 875 च्या भाग 2 प्रमाणे 30 अंशांच्या छपरावर माणूस चढण्या-उतरण्याचा भार चौरस मीटरला फक्त 40 किलो धरतात. तिथे बर्फाचे 240.

दाभोळकाठ
बरं बाबा, 45. देवळाचं शिखर उभारतो. बर्फ समोरच्या वाटेवर पडू नये म्हणून वळचणीला अडवण्या लावतो. पडवी राहू दे.

वासेमोजणी
इथेच लोक फसतात. अडवणी लावली की बर्फ घसरणार नाही असं तुम्हीच ठरवलं. मग 0.4 विसरा, पुन्हा 0.8 धरा. आढ्यापासून वळचणीपर्यंत आडवे 4 मीटर, म्हणजे वळचणीच्या प्रत्येक मीटरमागे 960 किलो बर्फ. त्यातली उताराच्या दिशेची ओढ 45 अंशांना सुमारे 680 किलो, तीही प्रत्येक मीटरला. ती पत्र्याला ठोकलेल्या पट्टीने पेलायची नाही, थेट वाशात उतरवायची.

आणि पडवी. आपल्याकडे मुख्य पाखं उतरतं आणि पडवीचं थोडं मंद पाखं त्याच रेषेत पुढे जातं. पावसाला ते उत्तम. बर्फाला ती मधलीच पायरी. वरून सुटलेला थर त्या मोडावर आपटतो आणि तिथेच बसतो. मी वरच्या बर्फाचा अर्धा खाली येतो असं धरतो: 960 चे 480 किलो, दोन मीटर रुंद पडवीवर चौरस मीटरला 240. पडवीचा स्वतःचा 240 आहेच. एकूण 480, आणि आपटण्याचा धक्का निराळा. चार बोटं जाडीच्या खांबांची ओटी नाही ती.

गणपतीपुळे_ड्राफ्ट्समन
मग पडवी त्रिकोणी भिंतीच्या बाजूला घ्या ना. आढं दाराच्या दिशेने फिरवायचं, दोन्ही पाखी बाजूला उतरतील, दार आणि पडवी कोरडी. बाजूला कुणी चालणार नाही इतकी जागा सोडा.

वासेमोजणी
हे पूर्ण बरोबर. लिहून ठेवतो, तुमच्याकडून दुर्मीळ आहे.

दाभोळकाठ
प्लॉट अरुंद आहे. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत तीन मीटरवर.

वासेमोजणी
मग त्या बाजूच्या पाख्याला अडवणी लावावीच लागेल, आणि ते पाखं 240 ला डिझाइन करा. दुसरं मोकळं ठेवा. एक भरलेलं, दुसरं रिकामं, हा तिरका भारही इंजिनीअरला तपासायला सांगा. नुसतं सरासरीवर कैची बसवली तर ती आढ्याला ढकलली जाते. आणि थराच्या उंचीवर जाऊ नका. मीटरभर ताजा बर्फ बसून 40 सेंटिमीटर झाला तरी वजन तेवढंच असतं. जमिनीवर 20 बाय 20 सेंटिमीटरचा चौकोन तळापर्यंत कापा, तो पिशवीत भरून तोला आणि 25 ने गुणा. चौरस मीटरचा आकडा हातात येतो. तो डिझाइनच्या जवळ गेला, किंवा आतली दारं चौकटीत अडकायला लागली, तर फावडं काढा. दोन्ही पाखी थोडी थोडी, सारखीच मोकळी करा.

मंगळुरीच_बरी
एवढं करून पाऊस पडला की पत्रा वाजणारच.

देवगड_शेड
बर्फ वाजत नाही हो.