‘बघते’ म्हणजे हो की नाही?

माहीमची चाफा:
गेल्या रविवारी डोंबिवलीला नवऱ्याच्या मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. तिचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, “बघते गं, जमवते.” माझ्या माहेरी याचा अर्थ ‘येत नाहीये, पण तोंडावर नाही कसं म्हणू’ असाच घेतात. तिने मात्र आमची तीन ताटं धरली. हॉलवाल्याला दोन दिवस आधी आकडा द्यायचा होता आणि दिलेला आकडा कमी होत नव्हता, त्यामुळे तीन ताटांचे पैसे फुकट गेले. काल सासूबाईंकडून कळलं, ती म्हणते, “वहिनी ‘जमवते’ म्हणाल्या, मी हो धरलं.” सासूबाईही म्हणाल्या, बघते म्हणजे होच. त्या साताऱ्याच्या.
तर तुमच्याकडे ‘बघते’ म्हणजे काय? आणि मराठीत असं एखादं छोटं वाक्य आहे का, ज्यात नाही स्पष्ट कळेल, कारणांची माळ लावावी लागणार नाही आणि पुढचं बोलावणंही येईल?

विदर्भकन्या:
आमच्या घरी ‘पाहतो’ म्हणजे खरंच पाहतो. ज्याने विचारलं तो दोन दिवस थांबून परत फोन करतो. तुझ्या नणंदेने परत विचारायला हवं होतं.

जुना गिरगावकर:
नणंदेची चूक नाही. चाफाताई, घोळ ‘बघते’ने नाही, ‘जमवते’ने झाला. जमणं आपोआप होतं, जमवणं आपण करतो. ‘पैसे जमले’ आणि ‘पैसे जमवले’ यांत जो फरक, तोच इथे. नुसतं ‘बघते’ म्हणाला असतात तर दार अर्धं उघडं राहिलं असतं. ‘जमवते’ म्हणालात म्हणजे खटपट करून येण्याचा शब्द दिलात.
आता वाक्याचं. मी चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, ही तीन वाक्यं मुलांकडून म्हणून घ्यायचो: ‘मी येणार नाही’, ‘मला येता येणार नाही’, ‘माझं येणं होणार नाही’. पहिल्यात ‘मी’ कर्ता आहे, म्हणून ते मर्जीचं वाक्य होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, यायचं नाहीये. दुसऱ्यात ‘मी’चं ‘मला’ झालं, म्हणजे इच्छा आहे पण अडलं आहे. अडलं म्हटलं की समोरचा विचारणारच, काय अडलं? तिसऱ्यात येणं ही घटनाच घडत नाही. तिथे कोणाची मर्जी नाही, कोणाचा दोष नाही आणि कारणालाही जागा नाही. आमच्या आईच्या तोंडी कायम तिसरं असायचं. तिला पुढे कोणी ‘का’ विचारलेलं मला आठवत नाही.

मराठीचा पाईक:
मुळात ‘जमणे’ कशाला? जमा हा अरबी शब्द. ‘शक्य होणार नाही, क्षमस्व’ असं स्वच्छ मराठीत लिहावं.

रोजची ८.१२:
शब्द कुठलाही घ्या, कारण देऊ नका. माझा अनुभव सांगतो. ऑफिसातल्या मित्राने विरारला घर घेतलं, वास्तुशांतीला बोलावलं. मी बदलापूरचा. म्हटलं, रविवारी मेगाब्लॉक आहे. तो म्हणाला, शनिवारी रात्रीच ये, राहा. म्हटलं, मुलाची सोमवारी परीक्षा आहे. तो म्हणाला, घेऊन ये, वेगळी खोली आहे. मग मी बायकोचं दुखणं पुढे केलं, जे नव्हतंच. सोमवारी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “वहिनी कशा आहेत?” मला मान वर करवेना. तो बिचारा माझी अडचण सोडवत होता. कारण सांगितलं की माणूस ते सोडवायला घेतो, यात त्याचं प्रेमच असतं. मी पहिल्यांदाच “या वेळी नाही जमणार” म्हणून थांबायला हवं होतं.

अनामिका७:
नकार हा शब्दही इन्कारवरूनच आला ना? म्हणजे नाही म्हणणं आपल्याकडे बाहेरूनच आलंय.

जुना गिरगावकर:
नाही हो. इन्कार अरबी, हे बरोबर. पण नकार म्हणजे न-कार. जसा हो-कार, हुं-कार. दोन्ही सारखे ऐकू येतात एवढंच.
आणि पाईकसाहेब, क्षमस्व म्हणजे ‘क्षमा कर’. ती आज्ञा आहे, तीही एकवचनी. मोठ्या माणसाला तसं लिहिणं मला खटकतं. शिवाय बोलावणं नाकारणं हा गुन्हा नाही, क्षमा कशाची मागायची?

मराठीचा पाईक:
आज सगळा महाराष्ट्र क्षमस्व माफीच्या अर्थाने वापरतो. रूढीला मान द्याल की नाही?

विदर्भकन्या:
मग जमणेही रूढच आहे की! एकाला रूढीची सूट आणि दुसऱ्याला नाही, हे कसं? आणि काका, ‘माझं येणं होणार नाही’ मला फार परकं वाटतं. माझ्या मैत्रिणीने असं लिहिलं तर ती रागावली आहे असंच मी समजेन.

रोजची ८.१२:
जमण्याबद्दल एक. नुसतं ‘जमणार नाही’ हे मुंबईत भाव पाडताना म्हणतात, दोनशेला जमणार नाही. निमंत्रणाला तसंच लिहिलं तर तुटक लागतं. ‘मला’ घालावा आणि ‘नाही’ आधी आणावा: मला या वेळी नाही जमणार. ‘या वेळी’ तर हवाच, पुढची वेळ त्यातच आली.

ठाण्याची सुगरण:
वाक्य कुठलंही म्हणा, मागोमाग दिवस सांगा. आमच्याकडे हळदीकुंकवाला वीस-पंचवीस बायका असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही वाण देता येतं. म्हणून जी म्हणते, “शनिवारी नाही जमणार, मंगळवारी सहाला पाच मिनिटं येऊन वाण घेऊन जाते,” तिचं नाव पुढच्या वर्षी यादीत पहिलं. “येईन नंतर कधीतरी” म्हणणारीला मी दोन वर्षांनी बोलावणं सोडलं. पण सांगितलेल्या दिवशी गेलंच पाहिजे. ते चुकलं तर सरळ नाहीपेक्षा वाईट.
गणपतीचं वेगळं. ‘दर्शनाला या’ हे सगळ्यांना असतं, तिथे कळवलं नाही तरी चालतं. ‘जेवायला या’ म्हटलं की पानं मोजलेली असतात, तिथे बोलावणं आलं त्याच दिवशी कळवायचं.

अनामिका७:
न गेल्यास आहेर पाठवायचा का? जावेच्या मुलीचं लग्न आहे, पाकीट कोणाबरोबर द्यावं?

ठाण्याची सुगरण:
जावेच्या मुलीच्या लग्नाला नाही म्हणता येत नाही. जा.

माहीमची चाफा:
दोन गोष्टी झाल्या. धाकट्या चुलतदिराचं केळवण काकूंनी येत्या रविवारी ठेवलंय, आणि आम्हाला तो दिवस खरंच नको आहे. हे लिहिलंय: “काकू, बोलावलंत, बरं वाटलं. या रविवारी आमचं येणं होणार नाही, आमची पानं धरू नका. गुरुवारी संध्याकाळी सातला मी त्याला भेटायला येते, जेवायला थांबणार नाही.” कारण मुद्दाम लिहिलं नाही.
आणि नणंदेला फोन केला. ताटांचे पैसे ती घेणार नव्हती, मी आग्रह केला नाही. म्हटलं, मी ‘जमवते’ म्हणायला नको होतं. बुधवारी साडेसहाला बाळाला बघायला जातेय.

जुना गिरगावकर:
मजकूर छान आहे. ‘पानं धरू नका’ हे फार चांगलं, आकड्याचा घोळ तिथेच मिटतो.

विदर्भकन्या:
‘येणं होणार नाही’ काढ गं. काकू आहेत, कार्यालय नाही. ‘आम्हाला नाही जमणार’ लिही.

मराठीचा पाईक:
‘शक्य होणार नाही’.

माहीमची चाफा:
पाठवला. काकूंचं उत्तर आलं: “बघते, गुरुवारी मी घरी आहे का.” आता या ‘बघते’चा अर्थ सांगा. काकू पनवेलच्या.